दोघांचं ठरलंय, तरी त्याचा हिरवा ठिपका दिसतो. विचारावं कसं?

अबोली_फोंडा

नमस्कार. इथे बरीच वर्षं वाचते, लिहिते आज पहिल्यांदाच. मी फोंड्याला राहते, नोकरी पणजीत. तो म्हापशाचा, वेर्ण्याच्या एका औषध कंपनीत आहे, शिफ्टची नोकरी. आमची ओळख मे महिन्यात टिंडरवर झाली.

चवथीनंतरच्या रविवारी आम्ही रायबंदरहून चोडणच्या फेरीत बसलो. गर्दी होती, स्कूटर मधोमध अडकलेली. तिथेच तो म्हणाला, "आता मला दुसरं कोणी नको. आपण दोघंच." मी हो म्हटलं. त्याच्या आधी तो चवथीला आमच्या घरी येऊन गेला होता. आईने 'मित्र' म्हणूनच वाढलं, पण दोन नेवऱ्या जास्त वाढल्या.

हे होऊन चार आठवडे झाले. मागच्या शनिवारी रात्री मी ॲप काढून टाकायला म्हणून उघडलं, तर आमच्या मॅचमध्ये त्याच्या नावापाशी हिरवा ठिपका. प्रोफाइल उघडलं, अंतर 30 किलोमीटर. सोमवारी दुपारी ऑफिसात परत बघितलं: ठिपका होता, अंतर 11. बुधवारी रात्री घरून: ठिपका, अंतर 8. तिन्ही वेळचे स्क्रीनशॉट माझ्याकडे आहेत.

तो रोज फोन करतो, भेटतो, बोलण्यात काहीच फरक नाही. मी अजून विचारलेलं नाही. जेवताना घास उतरत नाही. विचारलं तर म्हणेल हेरगिरी करतेस, नाही विचारलं तर मीच कुढत राहणार. काय करू?

पेडणेकरीण

30, मग 11, मग 8. म्हणजे फिरतोय की गं तो! घरी बसलेल्या माणसाचं अंतर असं बदलत नाही. रोज वेगळ्या ठिकाणी कोणाला तरी भेटतोय. माझ्या बाबतीत असंच झालं होतं, सविस्तर रात्री लिहिते.

बार्देशी_बाब्या

थेट विचार. फोन नको, समोर बसून. एवढंच.

निवृत्त_मास्तर

अबोली, तुला मुलीसारखी समजून लिहितो. माझ्या व्हॉट्सॲपवर माझ्या भावाचं रात्री दोनला 'शेवटचं पाहिलं' दिसतं. त्याला विचारलं तर म्हणाला, झोप येत नाही, भजनं ऐकतो. तेव्हा ऑनलाइन दिसला म्हणजे कोणाशी बोलतोच असं नव्हे. त्या मुलाला झोपेचा त्रास आहे का, हे आधी बघावं.

मोगरा

मास्तर, ती व्हॉट्सॲपबद्दल नाही म्हणत. लग्नाळू किंवा मैत्री करू पाहणाऱ्या मुलामुलींचं वेगळं ॲप असतं. तिथे नवीन माणसं दिसतात, आवडली तर उजवीकडे सरकवायची. ज्याचं ठरलंय त्याने तिथे जायचं कारण काय, असा तिचा प्रश्न आहे.

निवृत्त_मास्तर

असं होय. मग माझा सल्ला मागे घेतो. पण झोपेचं बघावंच.

काणकोणकर

मी मोबाइल ॲप तपासायचं काम करतो. या ॲप्सच्या कंपन्यांशी माझा संबंध नाही, पण दाखवलेली गोष्ट आणि खरी गोष्ट यांत किती अंतर असतं हे रोज बघतो. अबोली, तुमच्या तीन स्क्रीनशॉटमधून काय कळतं आणि काय कळत नाही, एवढंच सांगतो. काय करायचं ते तुमचं तुम्ही ठरवा.

आधी ठिपका. टिंडरवर हिरवा ठिपका म्हणजे तो माणूस गेल्या 24 तासांत ॲपवर येऊन गेला. 'आत्ता आहे' असा त्याचा अर्थ होत नाही. शनिवारी रात्री नऊला दिसलेला ठिपका शुक्रवारी रात्री दहाचाही असू शकतो. एकदा उघडून लगेच बंद केलं तरी तो तसाच पेटतो, दोन तास बसून गप्पा मारल्या तरी तसाच. हिंजवर 'आज सक्रिय' आणि 'आत्ता सक्रिय' असे दोन शेरे येतात, म्हणून लोक गोंधळतात.

आता अंतर. ते त्याच्या एकट्याचं नसतं, दोघांमधलं असतं. शिवाय हवाई अंतर असतं, रस्त्याचं नव्हे. आणि त्याची जागा बदलते ती त्याने ॲप उघडल्यावर. उघडलंच नाही तर शेवटची जागा तशीच राहते.

पेडणेकरीण ताई, तुम्ही घाई केलीत. शनिवारी अबोली फोंड्यात होत्या. फोंडा ते म्हापसा सरळ रेषेत साधारण 30 किलोमीटर भरतं (रस्त्याने पणजीवरून चाळीसच्या वर जातं). सोमवारी त्या पणजीत होत्या. पणजी ते म्हापसा सरळ रेषेत 11 च्या आसपास. म्हणजे दोन्ही वेळा त्याची जागा एकच, म्हापसा, बहुतेक घर. हलल्या त्या अबोली.

मोगरा

आईशप्पथ. मी पण तो फिरतोय असंच समजले होते.

अबोली_फोंडा

काणकोणकर, हे वाचून खुर्चीत नीट बसले. दोन दिवस मी नकाशा उघडून 11 किलोमीटरवर कोण राहतं ते शोधत होते. आणि बुधवारचं 8?

काणकोणकर

त्यावर येणारच होतो. बुधवारी रात्री तुम्ही घरी, फोंड्यात. फोंड्यापासून म्हापसा 8 होऊ शकत नाही. वेर्ण्याची औद्योगिक वसाहत मात्र सरळ रेषेत आठ-नऊ भरते. त्याची बुधवारी कुठली शिफ्ट होती?

अबोली_फोंडा

दुपारची. तीन ते अकरा.

काणकोणकर

मग तिसरा स्क्रीनशॉट खरा आहे. त्या दिवशी, किंवा फार तर आदल्या रात्री, त्याने कंपनीत असताना ॲप उघडलं होतं. नुसतं फोनमध्ये पडून राहिलेलं ॲप जागा अशी बदलत नाही. तुमची शंका निराधार आहे असं मी म्हणणार नाही. तीनपैकी दोन गोष्टींतून फक्त एवढंच कळतं की त्याने घरी कधीतरी ॲप उघडलं. तिसरीतून कळतं की कामावरही उघडलं. उघडून काय केलं हे एकाही स्क्रीनशॉटमध्ये नाही. कुठल्याही स्क्रीनशॉटमध्ये ते येत नाही.

बार्देशी_बाब्या

माणूस पोलिसात हवा होता.

तांबडी_माती

मी उलट्या बाजूने लिहितो, कारण दोन वर्षांपूर्वी तो मुलगा मी होतो.

आमचं ठरलं त्या रात्री मी ॲप फोनमधून उडवलं. माझ्या दृष्टीने विषय संपला. महिनाभराने तिच्या मडगावच्या मैत्रिणीला माझं प्रोफाइल पत्त्यांच्या गठ्ठ्यात दिसलं. तिने फोटो काढून पाठवला. मी किती शपथा घातल्या, फोन दाखवला, ॲप नव्हतंच. तिला वाटलं, येण्याआधी उडवलं असणार. ॲप काढलं म्हणजे खातं जात नाही, हे आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं. खातं तसंच राहतं, फोटोंसकट. सेटिंग्जमध्ये जाऊन खातं वेगळं पुसावं लागतं. तिला हे पटेपर्यंत तीन आठवडे गेले, तोवर बरंच काही बोलून झालं होतं. आम्ही आज सोबत नाही. कारण तेवढंच नव्हतं, पण सुरुवात तिथून झाली.

म्हणून म्हणतो, आधी विचारा.

काणकोणकर

तांबडी_माती, तुमच्या गोष्टीत आणि अबोलींच्या गोष्टीत एक फरक आहे, तो महत्त्वाचा. तुमचं नुसतं कार्ड दिसलं होतं. पडून राहिलेल्या खात्याचं कार्ड दिसू शकतं, जरी ॲप सक्रिय लोकांना पुढे आणत असलं तरी. त्यासोबत ताजा ठिपका किंवा बदललेली जागा असेल तर मात्र 'मी ॲप कधीच काढलं' हे उत्तर बसत नाही. अबोली, तो असं म्हणाला तर बुधवार आठवा. तो 'हो, उघडतो' म्हणाला तर तुमचं अर्धं काम झालं.

पेडणेकरीण

रात्री लिहिते म्हटलं होतं, लिहिते. आणि अंतराचं माझं चुकलं, मान्य.

माझा साखरपुडा व्हायचा होता. त्याआधी दोन महिने मला असाच संशय. मी बहिणीचे जुने फोटो लावून खोटं प्रोफाइल केलं, त्याच्या वस्तीजवळ जाऊन बसले आणि सरकवत राहिले. दुसऱ्या दिवशी मॅच झाला. तिसऱ्या दिवशी त्याने 'कॉफी घेऊया का' विचारलं. मी आईला दाखवलं, साखरपुडा मोडला. आज मी सुखात आहे. तेव्हा अबोली, हेच कर. दोन दिवसांत सोक्षमोक्ष.

मोगरा

पेडणेकरीण, तुझं दुःख खरं आहे. पण हा सल्ला मला मुळीच पटत नाही. बहिणीचे फोटो लावलेस, उद्या ते कोणी उचलून कुठे फिरवले असते तर? आणि समज त्याने खोट्या मुलीला 'हाय' केलं. मग अबोली काय करणार? 'ती मुलगी मीच होते' हे सांगितल्यावर पुढचं सगळं बोलणं तिच्या खोटेपणावर होणार. त्याचं बाजूलाच राहील.

पेडणेकरीण

मोगरा, तुझं लग्न सुरळीत झालं म्हणून तुला सुचतंय. जिला उत्तरच मिळत नव्हतं ती काय करणार? मी तीनदा विचारलं होतं. तिन्ही वेळा 'तू वेडी आहेस' हे उत्तर.

मोगरा

तीनदा विचारलं होतंस हे आत्ता सांगितलंस. मग तुझी गोष्ट वेगळी. अबोलीने एकदाही विचारलेलं नाही.

पेडणेकरीण

ते खरं.

काणकोणकर

खोट्या प्रोफाइलबद्दल तांत्रिक बाजूनेही एक: दुसऱ्याचे फोटो वापरणं या सगळ्या ॲप्सच्या नियमांत बसत नाही. आणि ते करूनही त्याचं कार्ड दिसलं नाही, तर त्याचा अर्थ काहीच निघत नाही. त्याने आपलं प्रोफाइल नव्या लोकांपासून लपवलेलं असू शकतं. तसं केलं तरी जुने मॅच त्याला बघू शकतात, गप्पा चालू राहतात आणि ठिपकाही पेटतो. अबोलींना जे दिसतंय ते या अवस्थेतही दिसेल. नव्या मुली शोधतोय की जुन्या गप्पांत आहे की नुसता बघून बाहेर पडतोय, हे बाहेरून सांगता येत नाही.

शिगम्यातला_ढोल

एक विचारू का? सक्रिय असल्याचं चिन्ह बंदही करता येतं ना? मग ज्याला लपवायचं तो ते आधी बंद करेल. शिवाय अबोलीला तर तो मॅचमधूनच काढून टाकू शकला असता. केलं नाही, म्हणजे त्याच्या मनात काही नाही.

काणकोणकर

अर्धं बरोबर. बंद करता येतं, सेटिंग्जमध्ये आहे. म्हणून ठिपका नाही म्हणजे माणूस आला नाही, असंही धरू नये. पण तुमचा पुढचा निष्कर्ष ओढून आणलेला आहे. हे बटण आहे हेच बहुतेकांना माहीत नसतं. माहीत असलेला लपवतो, म्हणून न लपवणारा निर्दोष, असं होत नाही.

निवृत्त_मास्तर

तर्कशास्त्रात याला बरोबर हेच उत्तर द्यायचो मी मुलांना. काणकोणकर, शाबास.

रेइश_मागूश

सगळे त्याच्याबद्दल बोलतायत. मला अबोलीबद्दल बोलायचंय. राग मानू नकोस.

तू शनिवारी, सोमवारी आणि बुधवारी ॲप उघडलंस. त्या प्रत्येक वेळी तुझ्या नावापुढे पण हिरवा ठिपका लागला असणार. तुझं खातंही चालू आहे. तो तुझ्या मॅचमध्ये, म्हणजे तू त्याच्या. त्याने बघितलं असेल तर त्याला काय दिसलं? चार आठवड्यांपूर्वी 'हो' म्हटलेली मुलगी सोमवारी भर दुपारी ऑफिसातून ॲपवर. तो इथे असता तर कदाचित हाच धागा त्याने काढला असता.

दुसरं. फेरीत तो म्हणाला, 'दुसरं कोणी नको'. तुम्ही दोघांनी ॲपचं काही बोललात का? मी आणि माझा नवरा याच्यावर भांडलोय म्हणून विचारते. माझ्या डोक्यात 'दोघंच' म्हणजे खातं पुसायचं. त्याच्या डोक्यात 'दोघंच' म्हणजे कोणाला भेटायचं नाही. खातं असलं काय, नसलं काय, त्याच्या लेखी ते जुन्या डायरीसारखं. दोघंही आपापल्या परीने शब्द पाळत होतो आणि दोघांनाही वाटत होतं समोरचा मोडतोय.

अबोली_फोंडा

रेइश_मागूश, राग नाही आला. पण माझ्या ठिपक्याचा मी विचारच केला नव्हता. खरंच नव्हता. आणि नाही, ॲपचं आम्ही एक अक्षर बोललो नाही. फेरी किनाऱ्याला लागली, मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवले आणि आम्ही निघालो. तेवढंच बोलणं झालं होतं.

बार्देशी_बाब्या

चोडणच्या फेरीत एवढे मोठे करार करू नयेत. निदान बेती-पणजीच्या फेरीत तरी करू नयेत, ती तर पाच मिनिटांत पोचते.

तांबडी_माती

बाब्या 😄 पण हे खरं आहे. आम्हीसुद्धा नीट काही बोललो नव्हतो.

मोगरा

अबोली, विचारताना एक कर. 'तू अजून ॲपवर का असतोस?' असं सुरू करू नकोस. त्यात उत्तर आधीच धरलेलं असतं, माणूस पहिल्या शब्दापासून बचाव करतो. तू जे केलंस तिथून सुरू कर. 'शनिवारी मी खातं पुसायला ॲप उघडलं, तुझा ठिपका दिसला, मग दोनदा परत बघितलं. तेव्हापासून मला चैन नाही.' यात तुझं बघणंही आलं, म्हणजे हेरगिरीचा आरोप त्याच्याकडून यायच्या आधीच तू ते कबूल केलंस. मग थांब. त्याला बोलू दे. मध्ये स्क्रीनशॉट काढू नकोस.

पेडणेकरीण

स्क्रीनशॉट पुसूही नकोस मात्र.

मोगरा

नको पुसू. फक्त पर्समधून काढू नकोस.

शिगम्यातला_ढोल

आणि फोन दाखव म्हणावं का?

मोगरा

मी नाही म्हणणार. त्याने आपणहून दाखवला तर बघ. मागून घेतलेला फोन आज शांत करतो, आठवड्याने परत मागावासा वाटतो. माझ्या बहिणीचं घर त्यात गेलं. दर रविवारी फोनची तपासणी.

बार्देशी_बाब्या

मला वाटतं मागावा. एकदाच. लपवायचं काही नसेल तर हरकत काय?

रेइश_मागूश

बाब्या, तुझ्या फोनमध्ये तुझ्या मित्रांनी विश्वासाने सांगितलेलं काही नाही?

बार्देशी_बाब्या

आहे. बरं, हा मुद्दा सोडतो.

काणकोणकर

पुढचं तांत्रिक सांगून ठेवतो, म्हणजे ऐन वेळी घोटाळा नको. तुम्ही दोघांनी खाती पुसायची ठरवलीत, तर क्रम महत्त्वाचा. त्याने पैसे भरून प्लॅन घेतलाय का ते आधी विचारा. प्ले स्टोअरमधून घेतलेला प्लॅन खातं पुसल्याने बंद होत नाही, पैसे कापणं चालू राहतं. म्हणून आधी प्ले स्टोअरमध्ये Payments & subscriptions मध्ये जाऊन प्लॅन रद्द करायचा. मग ॲपच्या सेटिंग्जमध्ये तळाशी Delete Account. मग शेवटी ॲप फोनमधून काढायचं. लोक उलट करतात, आधी ॲप उडवतात, आणि खातं आणि प्लॅन दोन्ही मागे राहतात.

मधला मार्गही आहे, प्रोफाइल लपवून ठेवायचं. बंबलवर ठराविक दिवसांसाठी किंवा बेमुदत झोपवून ठेवता येतं. पण त्याने तुमचं मन निवांत होणार नाही, कारण खातं जिवंतच असतं आणि परत उठवायला एक बोट पुरतं.

एक मर्यादाही सांगतो. त्याने स्वतः खातं पुसलं तर तो तुमच्या मॅचमधून नाहीसा होईल. त्याने फक्त तुम्हाला मॅचमधून काढलं तरी तुम्हाला तेच दिसेल. त्यामुळे 'नाहीसा झाला, म्हणजे पुसलं' असं घरी बसून धरू नका. एकत्र बसून केलंत तरच कळेल.

अबोली_फोंडा

उद्या त्याची सुटी आहे. पणजीत भेटणार आहोत. सगळ्यांचं वाचलं. मोगरा ताईंचं वाक्य वहीत लिहून घेतलं.

निवृत्त_मास्तर

जेवून जा. उपाशी पोटी असली बोलणी करू नयेत.

तांबडी_माती

उद्या रात्री इथे चक्कर मारीन.

अबोली_फोंडा

परत आले. दोन दिवस लिहायचं धाडस झालं नाही.

मिरामारला बसलो. मी वाक्य सुरू केलं आणि 'शनिवारी मी खातं पुसायला' इथपर्यंतच बोलले. तो म्हणाला, "मला माहीत आहे तू उघडतेस. सोमवारी तुझा पण ठिपका दिसला." रेइश_मागूश, तुम्ही म्हणाला तसंच. त्याने सोमवारपासून मनात धरलं होतं आणि मी शनिवारपासून.

मग मी सगळं सांगितलं. बुधवारचंही. त्याने नाही म्हटलं नाही. म्हणाला, कंपनीच्या बसमध्ये आणि जेवणाच्या सुटीत हात आपोआप जातो, आधी सहा महिने तीच सवय. शिवाय मे महिन्यात सहा महिन्यांचा प्लॅन घेतलेला, नोव्हेंबरपर्यंत आहे, पैसे वाया जातात म्हणून काढलं नाही. सोमवारनंतर मात्र मला बघायला उघडत होता.

मी फोन मागितला नाही. त्याने आपणहून पुढे केला. आणि तिथे एक गोष्ट होती. एका मुलीशी जुन्या गप्पा होत्या, उन्हाळ्यातल्या. पण तिला शेवटचा संदेश चोडणच्या नंतरचा होता. बारा दिवसांनंतरचा. 'चवथ कशी झाली?' एवढाच. तिने उत्तर दिलं होतं, त्याने पुढे लिहिलं नव्हतं. मी काही बोलले नाही, तोच म्हणाला, "हे मी करायला नको होतं." त्याचा चेहरा पडला होता.

मग आम्ही तिथेच बाकावर बसून दोघांची खाती पुसली. काणकोणकरांच्या क्रमाने. आधी प्लॅन रद्द केला. खातं पुसताना ॲपने विचारलं, पुसण्याऐवजी लपवून ठेवायचं का. तिथे त्याचा अंगठा दोन क्षण थांबला. मी ते पाहिलं. मग त्याने पुसलं.

घरी आल्यापासून मला बरं वाटतंय आणि नाहीही. तो एक संदेश डोक्यात फिरतो.

पेडणेकरीण

बारा दिवसांनंतर. मला ते आवडलं नाही, मी खोटं बोलणार नाही. नवीन खातं पाच मिनिटांत उघडतं.

रेइश_मागूश

उघडतं. पण फोन त्याने स्वतः पुढे केला, आणि त्यात काय आहे हे त्याला माहीत होतं.

पेडणेकरीण

विसरला असेल.

रेइश_मागूश

असेल. मला कळत नाही, पेडणेकरीण. तुलाही कळत नाही.

शिगम्यातला_ढोल

अंगठा थांबला ते ॲपमुळे असेल. ही ॲप्स पुसू देत नाहीत सरळ, दहा वेळा विचारतात.

काणकोणकर

मध्ये लपवण्याचा पर्याय येतो हे खरं, आणि वाचायला दोन क्षण लागतात हेही खरं. त्यावरून मी इकडचा किंवा तिकडचा निष्कर्ष काढणार नाही.

अबोली, त्या संदेशाबद्दल तुम्ही त्याला काही विचारलंत?

अबोली_फोंडा

तेव्हा नाही. 'करायला नको होतं' म्हणाला त्यावर थांबले. पण मला त्याला विचारायचंय की ते का केलं. रागाने नाही. 'कोणाशी बोलायचं नाही' हे आपलं ठरलंय की 'कोणाला भेटायचं नाही' एवढंच, हे मला त्याच्या तोंडून ऐकायचंय. जुन्या ओळखीच्या मुलींशी बोलणं माझ्या डोक्यात कुठे बसतं हे मलाच अजून नीट सांगता येत नाही, म्हणून आधी ते ठरवतेय. माझाही एक कॉलेजचा मित्र आहे, त्याला मी लिहिते, तो ॲपवरचा नाही. त्याचं काय, हेही त्याने विचारलं तर उत्तर हवं.

मोगरा

हे सगळं असंच्या असं त्याला सांग. मित्राचंही.

अबोली_फोंडा

रविवारी परत चोडणला जायचं ठरलंय. यावेळी स्कूटर रायबंदरलाच ठेवून पायी चढणार आहोत, म्हणजे उतरायची घाई नाही. वाटलं तर त्याच फेरीने परत यायचं, परत जायचं. साध्या फेरीत पायी माणसाला तिकीट नाहीच.

निवृत्त_मास्तर

जेवून जा.